आकडे हलत होते, म्हणून शंका आली नाही

सोमवार, 3 ऑगस्ट 2020. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी पत्रकारांना एक दिलासा देणारी बातमी दिली. राज्यातल्या नव्या कोरोना रुग्णांची सात दिवसांची सरासरी आधीच्या आठवड्यापेक्षा सुमारे 21 टक्क्यांनी उतरली होती. दुसऱ्याच दिवशी राज्याचे आरोग्य सचिव डॉ. मार्क घाली यांना सांगावं लागलं की प्रयोगशाळांचे सगळे अहवाल राज्याच्या यंत्रणेत पोचतच नाहीत आणि दिसते आहे ती रुग्णसंख्या खऱ्यापेक्षा कमी आहे. शुक्रवारी, 7 ऑगस्टला, त्यांनी तपशील मांडला. अडीच ते तीन लाख नोंदी वाटेत तुंबल्या होत्या. त्या सगळ्याच कोरोनाच्या नव्हत्या, काही दुबार होत्या, पण त्या आठवड्यात राज्याचा कारभार ज्या आकड्यांवर चालला होता ते अपुरे होते, एवढं नक्की झालं.

आज कारखान्यापासून दूधसंघापर्यंत आणि बँकेपासून इस्पितळापर्यंत वरिष्ठांच्या टेबलावर एक डॅशबोर्ड असतो. त्यातल्या आलेखांवर माल मागवला जातो, माणसं हलवली जातात, दर ठरतात. तो डॅशबोर्ड चार-पाच दिवस शिळे आकडे दाखवत होता असं उघडकीला आलं की तांत्रिक विभागाकडून एक अहवाल येतो. बहुतेक वेळा तो कशामुळे बिघडलं एवढंच सांगतो. वाचणाऱ्या मॅनेजरला मात्र वेगळंच हवं असतं: त्या दिवसांत मी जे ठरवलं, त्यातलं काय आता टिकतं आणि काय टिकत नाही? कॅलिफोर्नियाचं प्रकरण या अंगाने पाहिलं, तर असा अहवाल कसा लिहावा हे बरंच स्पष्ट होतं.

आधी बिघाड. कॅलिफोर्नियात संसर्गजन्य रोगांच्या नोंदींसाठी कॅलरेडी नावाची यंत्रणा होती. खासगी आणि सरकारी प्रयोगशाळा आपल्याकडच्या तपासण्यांचे निकाल संगणकामार्फत तिच्यात पाठवत. तिथून ते राज्यातल्या 58 काउंटींच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनांच्या, आरोग्य विभागांना दिसत आणि त्यांच्याच बेरजेतून राज्याचे रोजचे आकडे तयार होत. ही यंत्रणा कोरोनाच्या आधीची होती आणि एवढ्या मोठ्या संख्येसाठी ती बांधलेलीच नव्हती. 25 जुलैला तिचा सर्व्हर बंद पडला आणि नोंदी मागे पडू लागल्या. त्या लवकर आत घ्याव्यात म्हणून यंत्रणेत काही तात्पुरते बदल केले गेले, पण काम झाल्यावर ते वेळेवर काढले गेले नाहीत आणि त्यातून नवा विलंब निर्माण झाला. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. एका मोठ्या व्यावसायिक प्रयोगशाळेशी असलेल्या जोडणीच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण झालं नाही आणि 31 जुलै ते 4 ऑगस्ट असे पाच दिवस त्या प्रयोगशाळेचे निकाल राज्याकडे आलेच नाहीत.

हे सर्टिफिकेट म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला दाखवायचं ओळखपत्र, आणि त्याच्यावर मुदत लिहिलेली असते. लोकलचा पास संपला की कालपर्यंत रोज ये-जा करणाऱ्या माणसालाही आज प्रवास करता येत नाही, तसंच इथे होतं. पाठवणाऱ्याकडे निकाल तयार असतात, घेणाऱ्याचा संगणक चालू असतो, मधली तारही शाबूत असते. तरी दोघांचं बोलणं होत नाही. मोडतोड काहीच झालेली नसल्यामुळे सर्व्हर चालू आहे की बंद एवढंच बघणाऱ्या माणसाला यात काही वावगं दिसत नाही.

पण इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते बिघाडाच्या कारणापेक्षाही मोलाचं आहे. सगळ्याच प्रयोगशाळा थांबल्या असत्या तर रुग्णसंख्या एका दिवसात शून्यावर आली असती आणि तासाभरात फोन वाजले असते. इथे थोडे निकाल येत होते, थोडे अडत होते. आकडे रोज बदलत होते, आलेख रोज पुढे सरकत होता. फक्त तो खाली झुकत होता, आणि खाली झुकणारा आलेख पाहण्यासाठी तर सगळे आसुसलेले होते.

हा उतार किती साळसूद दिसतो ते एका छोट्या हिशेबात पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा एखाद्या भागात रोज 100 नवे रुग्ण सापडतात आणि त्यातले 40 एका मोठ्या प्रयोगशाळेकडून कळतात. ती प्रयोगशाळा गप्प झाली की रोजचा आकडा 60 होतो. एकदम चाळीस टक्क्यांची घट कुणाच्याही डोळ्यांत भरेल. पण मॅनेजरच्या पडद्यावर रोजचा आकडा नसतो, सात दिवसांची सरासरी असते, कारण शनिवार-रविवारचे चढउतार तिच्यात बुजून जातात. ती सरासरी पहिल्या दिवशी 94 होते, मग 89, मग 83, मग 77 आणि पाचव्या दिवशी 71. रोज पाच-सहाने कमी. कुठे धक्का नाही, खाच नाही. उपाय लागू पडल्यावर साथ ओसरताना सरासरी जशी उतरते, तशीच ही उतरते. तिच्याकडे नुसतं बघून खरी घट आणि खोटी घट वेगळी करता येत नाही. सरासरी चुकीची नसते, तिच्यात घातलेले पाच दिवस अपुरे असतात.

डॅशबोर्डच्या कोपऱ्यात ‘शेवटचं अपडेट’ म्हणून एक वेळ लिहिलेली असते. तिच्यावर लोकांचा फार भरवसा असतो आणि तो बऱ्याचदा चुकीच्या जागी असतो. बहुतेक डॅशबोर्डवर ती वेळ पडदा शेवटचा कधी रंगवला गेला त्याची असते. रात्री दोन वाजता ठरलेलं काम चालतं, जे काही आत आलेलं असेल त्याची बेरीज करतं आणि ‘आज सकाळी 2:00’ असा शिक्का मारून मोकळं होतं. आत नवं काही आलं नसेल तरी शिक्का आजचाच असतो. खरं तर प्रत्येक आकड्याला तीन वेगळ्या वेळा असतात: घटना कधी घडली, तिची नोंद आपल्यापर्यंत कधी पोचली, आणि पडदा कधी ताजा झाला. मॅनेजरला तिसरी वेळ दाखवली जाते, त्याला गरज असते दुसरीची, आणि तीही प्रत्येक स्रोतासाठी वेगळी. दहा शाखांपैकी नऊंची माहिती आजची असेल आणि एकीची चार दिवसांपूर्वीची, तर पूर्ण बेरजेला आजची तारीख लावणं चूक आहे.

आता अहवालाकडे येऊ. तांत्रिक माणूस अहवाल लिहायला बसला की त्याच्या मनात घटनाक्रम असतो: सर्व्हर कधी पडला, कुणी काय बदललं, दुरुस्ती कधी झाली. त्याच्या सहकाऱ्यांसाठी तोच क्रम योग्य आहे, कारण त्यांना पुढच्या वेळी दुरुस्ती करायची आहे. मॅनेजरसाठीचा अहवाल मात्र आकड्यापासून सुरू व्हावा. कोणते आकडे चुकीचे होते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या बाजूला चुकले होते आणि कोणते बरोबर होते. कॅलिफोर्नियाच्या प्रकरणावर मी असा पहिला परिच्छेद लिहीन:

‘जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून राज्याच्या डॅशबोर्डवरची नव्या रुग्णांची संख्या खऱ्यापेक्षा कमी दिसत होती. 31 जुलै ते 4 ऑगस्ट या पाच दिवसांत एका मोठ्या प्रयोगशाळेचे निकाल अजिबात आले नाहीत. अडीच ते तीन लाख नोंदींची छाननी बाकी आहे, त्यामुळे नेमकी किती रुग्णसंख्या वाढेल हे आज सांगता येत नाही. या काळातली रुग्णसंख्या आणि तिच्यावरून काढलेली कोणतीही टक्केवारी वापरू नये. इस्पितळांत दाखल असलेल्या रुग्णांचे आकडे वेगळ्या मार्गाने, थेट इस्पितळांकडून येतात. त्यांच्यावर परिणाम झालेला नाही.’

या परिच्छेदात कॅलरेडी नाही, सर्व्हर नाही, सर्टिफिकेटही नाही. ते सगळं पुढे येईलच. पण एवढंच वाचून बैठकीला निघालेल्या माणसाला काय वापरायचं आणि काय बाजूला ठेवायचं हे कळतं. त्यातलं शेवटचं वाक्य गाळलं जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि खरं तर ते सर्वांत उपयोगी. डॅशबोर्डवर एक आकडा खोटा ठरला की वरिष्ठ सगळ्याच डॅशबोर्डवरचा विश्वास काढून घेतात. कॅलिफोर्नियात इस्पितळांचे आकडे शाबूत होते आणि त्यांच्यावरून साथीचा अंदाज बांधता येत होता. काय बिघडलं नाही हे कारणासकट सांगितलं, तरच त्या आकड्यांचा आधार कुणी घेईल.

‘किती वाढेल हे आज सांगता येत नाही’ हे वाक्य लिहायला लोक कचरतात. अहवाल कच्चा वाटेल या भीतीने एखादा अंदाज ठोकून देतात. दोन दिवसांनी तो अंदाज बदलतो आणि आता दुसऱ्या आकड्यावरचाही विश्वास जातो. त्यापेक्षा नक्की आकडा कोणत्या तारखेला देणार हे लिहावं. ती तारीख पाळणं आपल्या हातात असतं.

यानंतर यावी निर्णयांची यादी, आणि अहवालाचा सगळा भार मी तिच्यावर टाकीन. शिळ्या आकड्यांच्या काळात त्या आकड्यांवरून कोण काय करत होतं? कॅलिफोर्नियात राज्याची एक देखरेख-यादी होती. संसर्ग वाढलेल्या काउंटी तिच्यात टाकल्या जात, आणि यादीतल्या काउंटींत बंद जागेतल्या अनेक व्यवसायांवर निर्बंध येत. शाळा प्रत्यक्ष भरवायची असेल तर काउंटी सलग 14 दिवस यादीबाहेर असावी लागे. यादीत कोण जाणार आणि कोण बाहेर पडणार हे ठरवताना रुग्णसंख्या बघितली जात होती. म्हणजे अपुऱ्या नोंदींमुळे एखादी काउंटी चुकून बाहेर पडू शकत होती आणि तिच्या चौदा दिवसांची मोजणी सुरू होऊ शकत होती. राज्याने ही यादी गोठवली. तुंबलेल्या नोंदी मार्गी लागेपर्यंत कुणी आत जाणार नाही, कुणी बाहेर येणार नाही असं ठरलं. हा निर्णय मला फार योग्य वाटतो. आकडा दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता, पण त्याच्यावरून होणारी कृती लगेच थांबवता येत होती.

निर्णयांच्या या यादीत एक कप्पा हमखास विसरला जातो: आकड्याच्या मागे असलेल्या एकेका नोंदीवरून होणारं काम. गव्हर्नरसाठी प्रयोगशाळेचा निकाल हा बेरजेतला एक होता. काउंटीच्या आरोग्य कर्मचाऱ्यासाठी तो एका माणसाचं नाव आणि फोन नंबर होता. निकाल आला की फोन करायचा, घरी थांबायला सांगायचं, कुणाकुणाला भेटलात ते विचारायचं. निकाल पाच दिवस आला नाही की तो फोनही होत नाही. हे काम कोणत्याच आलेखावर दिसत नाही, म्हणून आलेख दुरुस्त झाल्यावर ते दुरुस्त झाल्यासारखं वाटतं. कंपनीतही हेच असतं. विक्रीचा आकडा मागाहून बरोबर होतो, पण ज्या दुकानांत माल संपल्याची सूचना चार दिवस अडली, तिथून परत गेलेलं गिऱ्हाईक कोणतीही दुरुस्ती परत आणत नाही. हे नुकसान अहवालात वेगळं लिहायला हवं. भरून निघणारं किती आणि न निघणारं किती, हे वरिष्ठांना कळायला हवं.

मग येतो दुरुस्तीनंतरचा आठवडा. त्याबद्दल अहवालात आगाऊ इशारा नसेल तर दुसऱ्यांदा गोंधळ होतो. आपल्या छोट्या हिशेबात पाच दिवसांचे अडलेले 200 निकाल सहाव्या दिवशी एकदम आत आले आणि त्या दिवसाच्या खात्यावर मांडले गेले, तर त्या दिवशी 300 रुग्ण दिसतील. सात दिवसांची सरासरी त्या दिवशी बरोबर 100 होईल आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतील. पण पुढच्या दिवसांत अपुरे 60चे आकडे एकेक करून सरासरीतून बाहेर पडतील आणि तो 300 आतच राहील. त्यामुळे सरासरी चढत जाऊन 129 पर्यंत पोचेल, आणि मग एका दिवसात परत 100. प्रत्यक्षात या सगळ्या काळात रोजचे रुग्ण 100च होते. आधी खोटी घट दिसली, आता खोटी वाढ.

इंग्लंडमध्ये त्याच वर्षी हे जाहीरपणे घडलं. पब्लिक हेल्थ इंग्लंडकडे प्रयोगशाळांच्या याद्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलींमध्ये घेतल्या जात होत्या. त्या प्रकारात एका पानावर 65,536 ओळीच मावतात. त्यापुढच्या नोंदी गळत राहिल्या आणि 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातले 15,841 रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले. तिथेही आकडे थांबले नव्हते, फक्त कमी येत होते. सुटलेले रुग्ण जोडले गेले तेव्हा 2 ऑक्टोबरला 6,968 असलेला रोजचा आकडा 3 तारखेला 12,872 आणि 4 तारखेला 22,961 झाला. दोन दिवसांत साथ तिप्पट झाली असा अर्थ काढणं साहजिक होतं, आणि तो चुकीचा होता.

यावर उपाय म्हणजे उशिरा आलेली नोंद तिच्या खऱ्या तारखेला मांडणं. ते शक्य नसेल तर निदान आजच्या आकड्यात जुनं किती आहे ते सांगणं. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाची कोरोनाकाळातली रोजची पत्रकं ज्यांनी वाचली असतील त्यांना आठवेल. आज नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी किती मागच्या 48 तासांतले, किती मागच्या आठवड्यातले आणि किती त्याहून जुने, हे त्यात फोडून दिलेलं असे. एका ओळीची ही फोड फार कामाची आहे. दुरुस्तीच्या आठवड्यात प्रत्येक डॅशबोर्डवर अशी ओळ असावी, आणि ती कधी काढणार तेही अहवालात लिहिलेलं असावं.

शेवटी पुढे काय करणार हा भाग. इथे ‘यापुढे अधिक दक्षता घेतली जाईल’ असं वाक्य दिसलं तर मॅनेजरने तिथेच थांबावं, कारण दक्षतेला ना तारीख असते ना जबाबदार माणूस. या प्रकारच्या बिघाडाला नेमके उपाय आहेत. सर्टिफिकेटची मुदत आधीपासून माहीत असते. ती संपण्याच्या तीस दिवस आधी, मग चौदा, मग सात दिवस आधी आपोआप सूचना जाईल आणि ती एकाच माणसाकडे न जाता एका गटाकडे जाईल, अशी व्यवस्था करता येते. एक माणूस रजेवर असतो, बदली होऊन जातो, आणि त्याच्याबरोबर सूचनाही जाते.

दुसरा उपाय गप्प झालेला स्रोत ओळखण्याचा. तो वरवर सोपा वाटतो, पण त्यात एक फसगत आहे. गेल्या आठवड्यात ज्यांच्या नोंदी आल्या त्या प्रयोगशाळांची यादी संगणकाकडे मागितली, तर जिच्याकडून काहीच आलं नाही ती त्या यादीत दिसणारच नाही. बाकी सगळ्यांपुढे हिरवी खूण असेल आणि यादी निर्दोष वाटेल. म्हणून तपासणी उलट्या बाजूने करावी लागते. आधी ज्यांच्याकडून माहिती यायला हवी त्यांची पक्की यादी घ्यायची, मग प्रत्येकापुढे शेवटची नोंद कधी आली ते लिहायचं, आणि ठरलेल्या तासांपेक्षा जास्त वेळ झाला की तो स्रोत लाल करायचा. ‘गेल्या महिन्यात या वारी साधारण किती नोंदी येत, आज किती आल्या’ हीही तुलना जोडावी, म्हणजे अर्धवट गळतीही सापडते. याला मर्यादा आहे. खरोखरच काम कमी झालं तरी सूचना वाजेल, आणि रोज खोट्या सूचना वाजू लागल्या की माणसं त्यांच्याकडे बघणं सोडतात. म्हणून कोणत्या स्रोतासाठी किती फरक चालेल हे तांत्रिक विभागाने एकट्याने ठरवू नये. तो आकडा वापरणाऱ्या मॅनेजरने त्यांच्याबरोबर बसून ठरवावं, कारण किती शिळा आकडा आपल्याला चालतो हे त्यालाच माहीत असतं. पगाराच्या हिशेबाला दोन दिवस चालतील, इस्पितळाच्या खाटांना दोन तासही चालणार नाहीत.

कॅलिफोर्नियात 9 ऑगस्टला राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संचालकांनी राजीनामा दिल्याचं जाहीर झालं. अशा प्रसंगी कुणाचा तरी राजीनामा झाला की प्रकरण मिटलं असं वाटू लागतं. तुमच्या संस्थेत असं घडलं आणि अहवालात चूक करणाऱ्याचं नाव असेल पण गप्प झालेला स्रोत किती तासांत कळेल हे नसेल, तर तो अहवाल अपुरा आहे. तुम्ही मॅनेजर असाल तर तो स्वीकारू नका. कोणत्या तारखांचे कोणते आकडे वापरू नयेत, त्यांवर घेतलेले कोणते निर्णय पुन्हा तपासायचे, आणि यापुढे प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या स्रोताची शेवटची नोंद केव्हाची हे कधीपासून दिसेल, एवढं लिहून मागा. त्यासाठी तुम्हाला संगणक कळण्याची गरज नाही.